बेदाणा शीतगृह : वटाव दर आणि रोखप्रवाहातील चुकांनी एनपीव्ही किती हलते

संचालक मंडळाच्या सभेसाठी टिपण. आकडे लाख रुपयांत.

आधी माझी चूक. मागच्या सभेत प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, मी २३.२ लाख सांगितले होते. खरे उत्तर २६.० आहे. एक्सेलचे `NPV` हे सूत्र पहिली रक्कमसुद्धा वर्षअखेरीची धरते. मी सुरुवातीची गुंतवणूक त्याच रांगेत बसवली, त्यामुळे सगळेच एक वर्ष मागे सरकले. आता हिशोब असा केला आहे:

```
=PV(12%,10,-40)-200
```

गुंतवणूक २०० लाख, आजच्या आज. त्यानंतर दहा वर्षे दरवर्षी ४० लाख निव्वळ रोख. दहाव्या वर्षानंतर यंत्रांची किंमत शून्य धरली आहे. आयकर आणि कर्जाचे हप्ते यात नाहीत. कर्जाचा खर्च वटाव दरातच येतो, तो दोनदा वजा करायचा नसतो.

वार्षिक ४० लाख असे आले: क्षमता २,००० टन, वर्षभराची सरासरी भरती ७५ टक्के म्हणजे १,५०० टन, भाडे टनाला महिना ५०० रुपये. वर्षाचे उत्पन्न ९० लाख. वीज, मजुरी, विमा, देखभाल मिळून खर्च ५० लाख. त्यातली वीज एकटी २६ लाखांची.

सभेत श्रोते दोन बाजूंना वाटले गेले होते. एकांचे म्हणणे १२ टक्के दर फार कडक आहे, दुसऱ्यांचे म्हणणे ४० लाख फार गुलाबी आहेत. म्हणून दोन्ही एकाच तक्त्यात मांडतो. आडव्या ओळी वटाव दराच्या, उभे रकाने वार्षिक रोखीच्या अंदाजातील चुकीचे.

| वटाव दर | रोख २०% कमी (३२) | १०% कमी (३६) | अंदाजाप्रमाणे (४०) | १०% जास्त (४४) | २०% जास्त (४८) |
|---|---|---|---|---|---|
| ८% | १४.७ | ४१.६ | ६८.४ | ९५.२ | १२२.१ |
| १०% | −३.४ | २१.२ | ४५.८ | ७०.४ | ९४.९ |
| १२% | −१९.२ | ३.४ | २६.० | ४८.६ | ७१.२ |
| १४% | −३३.१ | −१२.२ | ८.६ | २९.५ | ५०.४ |
| १६% | −४५.३ | −२६.० | −६.७ | १२.७ | ३२.० |

बारा टक्क्यांच्या ओळीत रोखीची दहा टक्के चूक एनपीव्हीला २२.६ लाखांनी हलवते. दर दोन टक्क्यांनी वाढवला तर फरक १७.४ लाखांचा, कमी केला तर १९.८ लाखांचा. अंदाज तंतोतंत खरा ठरला तर दर १५.१ टक्क्यांपर्यंत गेला तरी प्रकल्प तोट्यात जात नाही. दर १२ वरच ठेवला तर मात्र रोख साडेअकरा टक्क्यांनी घटली, म्हणजे ३५.४ लाखांवर आली, की एनपीव्ही शून्य.

आता हे साडेअकरा टक्के ऐकायला मोठे वाटतात, पण तसे ते नाहीत. रोख म्हणजे ९० मधून ५० गेल्यावर उरलेले. शीतगृह अर्धे रिकामे असले तरी कॉम्प्रेसर चालवावाच लागतो, त्यामुळे भरती थोडी घटली तर खर्च फारसा घटत नाही. ४० मधले ४.६ लाख जायला उत्पन्नात फक्त ५.१ टक्के घट पुरते. टनांत सांगायचे तर १,५०० ऐवजी सुमारे १,४२३. भरती ७५ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर आली की प्रकल्पाचा सगळा फायदा संपला. तक्त्यातला पहिला रकाना, ज्याकडे आपण 'इतके वाईट थोडेच होणार' म्हणून पाहतो, तो ६८ टक्के भरतीचा आहे. वीजदर पंधरा टक्क्यांनी वाढले तर ३.९ लाख जातात आणि आपण जवळजवळ दुसऱ्या रकान्यात पोचतो, भरती एका टनाने न घटता.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने द्राक्षबागांचे काय झाले ते मंडळाला मी सांगायला नको. बागेत माल नसला तर शेडवर बेदाणा नाही, आणि शेडवर नसला तर आपल्याकडेही नाही.

तक्ता एक गोष्ट लपवतो. त्यात चूक दहाही वर्षे सारखीच धरली आहे, आणि प्रत्यक्षात चुका सुरुवातीलाच जास्त होतात. पहिल्या वर्षी भरती ५० टक्केच झाली तर उत्पन्न ६० लाख. वीजबिल ४ लाखांनी कमी आले असे धरले तरी हाती १४ लाख येतील, म्हणजे २६ लाखांची तूट. बारा टक्क्यांनी ती आजच्या भावात २३.२ लाख होते आणि एनपीव्ही २.८ वर येते. तीच २६ लाखांची तूट दहाव्या वर्षी आली असती तर नुकसान फक्त ८.४ लाखांचे. नव्या शीतगृहावर पहिल्याच हंगामात शेतकरी आणि व्यापारी विश्वास टाकतील, हे माझ्याच अंदाजातले सर्वात कच्चे गृहीतक आहे.

उशिराचेही तसेच. पैसे आज खर्च झाले, पण उच्चदाब वीजजोडणीअभावी शीतगृह एक वर्ष उशिरा सुरू झाले, तर पुढची दहा वर्षे पूर्ण मिळूनही एनपीव्ही १.८ राहते. बांधकाम दहा टक्क्यांनी महागले तर २० लाख थेट वजा होतात, त्याला वटाव नाही.

दराबद्दल. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते, म्हणून दर ९ टक्के धरा, अशी सूचना आली होती. सवलत जास्तीत जास्त सात वर्षांची आहे आणि प्रकल्प दहा वर्षांचा. शिवाय सवलतीने कर्ज स्वस्त होते, द्राक्षाचा धोका तेवढाच राहतो. सवलतीची रक्कम वेगळ्या ओळीत फायदा म्हणून दाखवायला माझी हरकत नाही, पण दरात मिसळू नये.

उलट बाजूचा मुद्दा मात्र मान्य करतो. मी भाडे आणि खर्च आजच्याच भावात गोठवले आहेत आणि दर महागाईसकट घेतला आहे. दोन्ही बाजू वर्षाला ४ टक्क्यांनी वाढल्या तर खरा दर ७.७ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे तक्त्याची वरची ओळ जवळची ठरते. मी तिच्यावर विसंबत नाही, कारण वीजबिल न सांगता वाढते आणि भाडे वाढवायचे म्हटले की गाडी शेजारच्या शीतगृहाकडे वळते.

प्रस्ताव: बांधकामाचा कार्यादेश देण्यापूर्वी किमान १,००० टनांचे पहिल्या वर्षाचे आरक्षण अनामत घेऊन लेखी करावे, आणि वीजजोडणीचा मंजुरीआदेश हाती आल्याशिवाय यंत्रांची आगाऊ रक्कम देऊ नये. आरक्षण ८०० टनांच्या खाली राहिले तर १,२०० टनांच्या लहान शीतगृहाचे आकडे मी पुढच्या सभेत ठेवीन.

— लेखापाल, तासगाव