आवर्ती कल, अपवाद आणि कारणे द्या : घटक चाचणीसाठी उजळणी, इयत्ता अकरावी, नागपूर

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन त्याच बाह्यतम कवचात भरत जातात, पण केंद्रकावरील प्रभार एकेकाने वाढतो. त्यामुळे सर्वसाधारणपणे अणुत्रिज्या घटते आणि आयनन एन्थाल्पी व विद्युतऋणता वाढतात. गणात खाली जाताना नवे कवच व वाढते परिरक्षण यांमुळे हे कल उलटतात.

खरा अभ्यास अपवादांचा आहे. दुसऱ्या आवर्तातील पहिल्या आयनन एन्थाल्पी, किलोज्यूल प्रति मोल या एककात, लिथिअमपासून निऑनपर्यंत क्रमाने अशा आहेत : ५२०, ८९९, ८०१, १०८६, १४०२, १३१४, १६८१, २०८१. हे आकडे आलेख कागदावर मांडून बिंदू जोडा; चढत्या रेषेत बोरॉन आणि ऑक्सिजन या दोनच ठिकाणी घसरण दिसेल. बोरॉनचा निघणारा इलेक्ट्रॉन 2p कक्षकातला असतो. बेरिलिअमच्या 2s इलेक्ट्रॉनपेक्षा त्याची ऊर्जा जास्त असते आणि आतल्या 2s² जोडीचे परिरक्षणही त्याला मिळते. ऑक्सिजनच्या 2p⁴ मध्ये एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन येतात, त्यांच्या प्रतिकर्षणामुळे एक सहज सुटतो. नायट्रोजनच्या 2p³ मध्ये अशी जोडी नसते.

मागील चाचणीत अनेकांनी 'नायट्रोजन अर्धपूर्ण आहे, म्हणून' एवढेच लिहून गुण गमावले. प्रश्न तुलनेचा असल्यामुळे ऑक्सिजनमधील प्रतिकर्षणाचा उल्लेख नसलेले उत्तर अर्धेच राहते, हे कृपया लक्षात ठेवा.

इलेक्ट्रॉन प्राप्ती एन्थाल्पी फ्लुओरीनची −३२८, तर क्लोरीनची −३४९ आहे, कारण फ्लुओरीनच्या लहानशा 2p उपकवचात नव्या इलेक्ट्रॉनला आधीच्यांचे प्रतिकर्षण अधिक जाणवते. गॅलिअमची त्रिज्या (१३५ पिकोमीटर) ॲल्युमिनिअमहून (१४३) कमी भरते, कारण मधल्या 3d¹⁰ इलेक्ट्रॉनांचे परिरक्षण तोकडे पडते.

पुढील प्रश्नांत आधी इलेक्ट्रॉन संरूपण लिहावे, मग कारण द्यावे.

१. मॅग्नेशिअमची पहिली आयनन एन्थाल्पी ॲल्युमिनिअमपेक्षा जास्त आहे, परंतु दुसरी आयनन एन्थाल्पी सोडिअमपेक्षा बरीच कमी आहे. दोन्ही विधानांची कारणे द्या.

२. O²⁻, F⁻, Na⁺, Mg²⁺ यांत प्रत्येकी १० इलेक्ट्रॉन आहेत. त्रिज्येचा उतरता क्रम लावा आणि तो केंद्रकीय प्रभाराच्या आधारे सिद्ध करा.

३. क्लोरीनची इलेक्ट्रॉन प्राप्ती एन्थाल्पी अधिक ऋण असूनही सर्वाधिक विद्युतऋण मूलद्रव्य फ्लुओरीनच आहे. यात विसंगती का नाही? (सूचना : एक राशी सुट्या वायुरूप अणूची, दुसरी बंधातील अणूची आहे.)

४. आपल्या जिल्ह्यातील मनसरच्या खाणींतून मँगनीजचे धातुक निघते. मँगनीजची तिसरी आयनन एन्थाल्पी शेजारच्या लोहापेक्षा जास्त का, हे Mn²⁺ व Fe²⁺ यांच्या 3d संरूपणांची तुलना करून लिहा.