हजारात ३० ते हजारात ६: गोदामाच्या केस स्टडीची व्हिडिओ संहिता (दुसरा खर्डा)

कॅमेरा आणि संकलन टीमसाठी: लेखी केस स्टडी चार पानांची आहे आणि तिची सुरुवातच आपल्या सॉफ्टवेअरच्या गुणगानाने होते. गोदामप्रमुखांनी सांगितलेली खरी गोष्ट तिसऱ्या पानावर एका ओळीत दडली होती. इथे तीच मध्यभागी घेतली आहे. आपलं नाव दीड मिनिट उलटल्यावर येतं; ते कृपया पुढे ओढू नका. ग्राहकाच्या इच्छेनुसार नावाच्या पट्टीवर फक्त हुद्दा. एकूण लांबी अडीच मिनिटं. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा सगळं बोलणं उपशीर्षकांत हवं.

०:०० – अडचण

दृश्य: टेबलावर दोन खोकी, एकाच रंगाची, एकाच मापाची. कॅमेरा हळूहळू लेबलांवर. एकावर `6205-2RS`, दुसऱ्यावर `6205-ZZ`. संगीत नको, गोदामाचा आवाज राहू द्या.

गोदामप्रमुख: "ही दोन्ही बेअरिंगं. माप तेच, बाहेरून ५२ मिलिमीटर. एकाला रबरी सील आहे, दुसऱ्याला पत्र्याचं झाकण. धूळ-पाण्याच्या जागी पत्र्याचं गेलं की ग्राहकाचा फोन आलाच म्हणून समजा."

दृश्य: परत आलेल्या मालाचा रॅक, वरपासून खालपर्यंत एकाच शॉटमध्ये.

गोदामप्रमुख: "तीन महिन्यांत ८,४०० पार्सलं गेली, त्यातली २५२ चुकीची. ग्राहक काही बोलत नसे, नुसता खोकं परत पाठवायचा. ते जास्त लागायचं."

पडद्यावर: १,००० पार्सलांमागे ३० चुकीची

०:४५ – वळण

(इथे घाई करू नका. मुलाखतीत ते बोलता बोलता थांबले होते, तो थांबा कापायचा नाही.)

गोदामप्रमुख: "आम्ही काय केलं, तर तपासणीला आणखी एक माणूस बसवला. मग आणखी एक. चुका होत्या तिथेच. एका संध्याकाळी परत आलेली सगळी खोकी मी जमिनीवर मांडली. ज्याच्या जागी जे गेलं, त्याची जोडी लावली."

दृश्य: तेच ते पुन्हा करून दाखवतील. वरून शॉट. जोड्या लागत जातात.

गोदामप्रमुख: "जवळजवळ प्रत्येक जोडीत फरक होता तो शेवटच्या दोन-तीन अक्षरांचा. (थांबा) तेव्हा कळलं, पोरं कामचुकार नव्हती. दिवसभर सारखीच खोकी बघून डोळा पुढचं अक्षर वाचतच नाही, आपलं आपणच धरून चालतो. डोळ्यावर डोळा ठेवून काही होणार नव्हतं."

दृश्य: पॅकिंगचं टेबल, हातातला स्कॅनर.

गोदामप्रमुख: "आम्ही एकच मागणी केली. चुकीचं खोकं टेबलावर आलं, तर पत्त्याची चिठ्ठी छापलीच जाऊ नये."

निवेदन: "आमच्या टीमने तेवढंच केलं. खोक्यावरचा बारकोड ऑर्डरशी जुळला नाही, तर प्रिंटर गप्प राहतो."

दृश्य: चुकीचं खोकं स्कॅन होतं. लाल पट्टी. प्रिंटर स्तब्ध, पूर्ण तीन सेकंद. मग बरोबर खोकं, आणि चिठ्ठी सरसरत बाहेर. या चिठ्ठीचा आवाज जवळून घ्या, सगळ्या व्हिडिओत माझा सगळ्यात आवडता क्षण हाच आहे.

१:५० – निकाल

(लेखी मजकुरात "८० टक्के घट" आहे. आकडा खरा आहे, पण कशाच्या ८० टक्के ते कळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची मोजणी दाखवू.)

पडद्यावर, एकाखाली एक:
आधीचे तीन महिने: ८,४०० पैकी २५२
नंतरचे तीन महिने: ९,००० पैकी ५४
१,००० पार्सलांमागे: ३० वरून ६

निवेदन: "दोन्ही वेळी मोजणी एकाच वहीतून, परत आलेल्या मालाच्या नोंदींवरून. सुरुवातीचे दोन आठवडे शिकण्यात गेले, ते यात धरलेले नाहीत."

(हे वाक्य लांबीसाठीसुद्धा कापू नका. कोणी विचारण्याआधी आपण सांगितलेलं बरं.)

गोदामप्रमुख: "तपासणीला बसवलेली दोन्ही माणसं आता माल उतरवून घेतात. तिथे हात कमीच पडत होते."

निवेदन: "आणि उरलेल्या ५४ चं काय?"

गोदामप्रमुख: "त्यातल्या ४१ वेळा लेबल फाटलेलं होतं, पोराने नंबर हाताने टाकला. आता फाटलेलं लेबल दिसलं की आधी नवीन लावायचं, मगच पॅकिंग."

शेवटचं दृश्य: एक हात फाटकं लेबल सोलून काढतो, नवीन चिकटवतो, अंगठ्याने कडा दाबतो. स्कॅनरची बीप. काळा पडदा, त्यावर आपलं बोधचिन्ह दोन सेकंद.