दिवाळीच्या सुट्टीतलं फिल्म वर्कशॉप: सात दिवसांचा प्लॅन (आपल्या टीमसाठी)

मुलं बारा, आठवी ते दहावीची. जागा कोल्हापुरातला आपल्या कॉलनीचा हॉल, शूटचे दोन दिवस सोडून रोज १० ते १. शेवटी चार मिनिटांची एकच फिल्म, सगळ्यांची मिळून. दोन फोन, ट्रायपॉड, कॉलर माईक आणि लॅपटॉप एवढं बास आहे.

पहिले दोन दिवस कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, यावर मी ठाम आहे. फोन हातात आला की पोरं स्लो मोशनमध्ये अडकतात आणि गोष्ट राहून जाते.

दिवस १: प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची. ती कोणाची, हरवली तर कोणाची पंचाईत होईल, तो माणूस मग काय करेल, एवढंच बोलायचं. कोणाला तरी काहीतरी हवंय, मध्ये काहीतरी आडवं येतंय आणि शेवटी काहीतरी बदललंय, हे तीन धागे सापडले की गोष्ट आहे.

दिवस २: बारातल्या तीन गोष्टी मतदानाने, मग एक. अट अशी की दोनच लोकेशन, तीनच पात्रं, सगळं दिवसाउजेडी. स्क्रिप्ट चार पानं, कारण एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. इथे घाई नको, प्रत्येक वाक्याला विचारायचं की हे दिसेल का? ‘बाबा चिडलेत’ हे दिसत नाही. बाबांनी चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या, हे दिसतं.

दिवस ३: सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग करायचा. एका पोराचा कोरा चेहरा शूट करा, मग त्याला एकदा गरम वडा जोडा, एकदा फुटलेला मोबाईल, चेहरा तोच पण बघणाऱ्याला भूक आणि दुःख वेगवेगळं दिसतं, एडिटिंग म्हणजे काय ते पोरांना इथेच कळतं. मग वाइड, मिड, क्लोज आणि शॉट लिस्ट.

दिवस ४ आणि ५: शूट, सकाळी ७ ते १२, नंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांखाली सावल्या पडतात. फोन आडवा, एअरप्लेन मोड, एक्स्पोजर लॉक. सेकंदाला २५ फ्रेमचा ऑप्शन नसेल तर ट्यूबलाइट बंद करून खिडकीजवळ घ्या, नाहीतर फ्लिकर येतो. प्रत्येक लोकेशनला सगळे गप्प बसून ३० सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिटला लागतोच. कामं दुसऱ्या दिवशी बदलायची, म्हणजे कायम तेच दोघे डायरेक्टर होणार नाहीत, आणि लाजरी मुलं साउंडला ठेवून विसरायची नाहीत.

दिवस ६: एडिट. आधी एकच सीन तीन गटांनी वेगवेगळा जोडायचा, शेजारी ठेवून बघायचं. सिनेमातली गाणी लावायची नाहीत, म्युझिक पोरांनीच वाजवायचं.

दिवस ७: सकाळी टायटल्स, सगळ्यांची नावं स्पेलिंग तपासून. संध्याकाळी ५ ला पालकांना दाखवायची, नंतर प्रश्नांना उत्तरं पोरंच देतील, आपण मागे बसायचं. फाइल प्रत्येकाला पेनड्राइव्हवर.