फार्माचा अँकी डेक: फाइल, इन्स्टॉल करायच्या स्टेप्स आणि रोजचं काम

मंडळी,

फार्माचा डेक एकदाचा तयार झाला. 640 कार्डं आहेत. फाइल ड्राइव्हवर टाकली आहे, लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये आहे. फाइलचं नाव `Pharma_2nd_v1.apkg`, साइज 38 एमबी. परवा मंगळवारी, 1 सप्टेंबरला सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची आहे, म्हणून आज-उद्यात इन्स्टॉल करून ठेवा. मेसेज लांबलचक झालाय, मला माहीत आहे. पण "सीआर, फाइल उघडत नाहीये" हे दीडशे जणांना वेगवेगळं समजावण्यापेक्षा हे बरं.

आधी हिशोब सांगते, म्हणजे घाई का करतेय ते कळेल. प्रिलिम दिवाळीनंतर, 23 नोव्हेंबरला. रोज 15 नवी कार्डं घेतली तर 640 कार्डं 43 दिवसांत, म्हणजे 13 ऑक्टोबरला एकदा पाहून होतात. त्यानंतर सुमारे सहा आठवडे फक्त उजळणी. दिवाळीत घरी जाऊन फराळ करत करत रोज अर्धा-पाऊण तास दिला तरी भागेल. हेच दिवाळीनंतर सुरू केलंत तर रोज 60-70 नवी कार्डं गिळावी लागतील, आणि ती राहत नाहीत. मागच्या इंटर्नलला मी नेमकं हेच केलं होतं. मार्क विचारू नका.

*अँड्रॉइडवाल्यांसाठी*

1. प्ले स्टोअरमध्ये `AnkiDroid` असं पूर्ण टाइप करून शोधा. फुकट आहे. नुसतं `Anki` शोधलंत तर तशाच नावाची दुसरी ॲप्स वर येतात, त्यातली काही पैसे मागतात. ती आपली नव्हेत. ओमकारने एक चुकीचं टाकलं आणि सात दिवसांची ट्रायल सुरू करून बसला.
2. ड्राइव्हवरून फाइल फोनमध्ये *डाउनलोड* करा. ड्राइव्हमध्ये नुसतं टॅप केलंत तर "प्रिव्ह्यू दिसत नाही" असं येईल, ते बरोबरच आहे, घाबरू नका. फाइल व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवू नका. आमच्या ट्रायलमध्ये दोघांच्या फोनवर व्हॉट्सॲपमधून ती उघडलीच नाही.
3. AnkiDroid उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके, `Import`, मग `Deck package (.apkg)`, आणि डाउनलोड्समधली फाइल निवडा. एखाद-दोन मिनिटं लागतील, बऱ्याच कार्डांवर आकृत्या आहेत.
4. यादीत `Pharma 2nd` दिसलं की त्यावर बोट दाबून धरा, `Deck options` मध्ये जा. `New cards/day` तिथे 20 असेल, ते 15 करा. `Maximum reviews/day` 200 असेल, ते 9999 करा. दुसरा आकडा बघून दचकू नका, 9999 कार्डं येणार नाहीत. 200 वर ठेवलं तर एखाद्या जड दिवशी वरची कार्डं गुपचूप पुढे ढकलली जातात आणि आपल्याला वाटतं सगळं झालं.
5. `ankiweb.net` वर फुकट अकाउंट काढा आणि ॲपमधल्या सिंकच्या बटणावरून लॉगिन करा. फोन हरवला, फॉरमॅट झाला, मेसच्या सांबारात पडला, तरी केलेलं काम वाचतं. पहिल्या सिंकला `Upload` की `Download` असं विचारलं, तर ज्या फोनवर डेक आहे तिथून `Upload`. उलटं दाबलंत तर वेबवरचं रिकामं खातं येऊन फोनमधलं सगळं पुसून टाकेल.

ज्यांच्या फोनवर पहिल्या वर्षाचे ॲनाटॉमीचे डेक आधीपासून आहेत त्यांनी काळजी करू नका, `.apkg` त्यांच्या शेजारी जाऊन बसतं. कुणी `.colpkg` अशी फाइल दिली तर मात्र हात लावू नका, ती अख्खं कलेक्शन बदलते.

*आयफोनवाले*

तुमचं ॲप फुकट नाही. `AnkiMobile` विकत घ्यावं लागतं, रक्कम एकदाच भरायची पण विद्यार्थ्याच्या खिशाला टोचेल अशी. न घेता काम होतं: कुणाच्याही लॅपटॉपवर `apps.ankiweb.net` वरून अँकी टाका (तिथे फुकट), स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा, फाइल इम्पोर्ट करा, वरच्या 15 आणि 9999 च्या सेटिंग्ज तिथेच करून घ्या, मग `Sync`. त्यानंतर फोनवर सफारीत `ankiweb.net` उघडून कार्डं करता येतात. थेट वेबसाइटवर ही फाइल चढवता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपची पायरी टाळता येणार नाही. माझा लॅपटॉप उद्या संध्याकाळी 6 ते 8 लायब्ररीबाहेर असेल.

*रोज काय करायचं*

वरच्या `Pharma 2nd` वरच टॅप करा, आतल्या चॅप्टरवर नाही. आतला एकेक चॅप्टर उघडत गेलात तर प्रत्येकाची वेगळी 15 कार्डं सुटतात आणि पंधराचे पंचेचाळीस होतात. क्रम लेक्चरप्रमाणेच लावलाय, एएनएस सगळ्यात आधी.

तीन आकडे दिसतील: निळा म्हणजे नवी, लाल म्हणजे आत्ता शिकत असलेली, हिरवा म्हणजे आज उजळणीला आलेली. तिन्ही शून्य झाले की दिवस संपला, ॲप बंद करा. उत्साहाच्या भरात जास्तीची उघडू नका. आज घेतलेलं प्रत्येक जादा कार्ड पुढच्या आठवड्यात परत येऊन दारात उभं राहतं. पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस मिनिटांत उरकेल, महिनाभराने पाऊण तास धरून चला.

आता बटणं. इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकले. उत्तर मनात *पूर्ण* म्हणा, मग कार्ड उलटा. आठवलं नाही तर `Again`. आठवलं तर `Good`. सध्या एवढी दोनच वापरा. `Hard` म्हणजे "विसरलो" नव्हे. `Hard` म्हणजे "आठवलं, पण घाम फुटला". विसरलेल्या कार्डाला `Hard` दिलंत तर अँकी ते पास झालं असं समजतं आणि पुढे ढकलतं, मग ते कार्ड कधीच बसत नाही. `Again` दाबायला लाज कसली, तिथे व्हायवा चालू नाहीये.

रात्री जागणाऱ्यांसाठी: अँकीचा दिवस पहाटे 4 ला बदलतो. रात्री दीडला केलेली कार्डं आदल्या दिवसाच्याच खात्यात जातात. माझं मत विचाराल तर सकाळच्या पोस्टिंगला जाताना बसमध्ये अर्धी आणि जेवणानंतर अर्धी, हे सगळ्यात सुखाचं.

14 तारखेला गणपती आहेत. निम्मा वर्ग गावी असेल, मीही असेन. एक-दोन दिवस चुकले तर आल्यावर नवी कार्डं 0 करा, आधी साठलेला हिरवा आकडा संपवा, मग परत 15. डेक डिलीट करून "पहिल्यापासून नीट करतो" हे करू नका, त्यात तोवरची सगळी मेहनत जाते.

*कार्डं कशी आहेत*

निकिताने, ओमकारने आणि मी मिळून केली आहेत. पहिल्या खेपेला आम्ही "आयसोनियाझिडचे सगळे ॲडव्हर्स इफेक्ट्स सांगा" अशी कार्डं बनवली होती. आम्हालाच येईनात. आठपैकी सहा आठवले तर `Good` द्यायचं की `Again`, यावरच वाद. मग सगळी फोडली. आता एका कार्डावर एकच गोष्ट: आयसोनियाझिडवर असलेल्या पेशंटच्या पायांना मुंग्या, कोणतं व्हिटॅमिन? पायरिडॉक्सिन. इथॅम्ब्यूटॉल सुरू करण्याआधी काय तपासायचं? नजर आणि रंग ओळखणं. शक्य तिथे प्रश्न पेशंटच्या तोंडून घातलाय. लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून आलेले काका निकिताला खरंच पोस्टिंगमध्ये भेटले होते, त्यांचं रिफाम्पिसिनचं कार्ड झालं.

ऑर्गॅनोफॉस्फेटवर एकोणीस कार्डं आहेत. जरा जास्त वाटतील, मुद्दाम ठेवली. आपल्या कॅज्युअल्टीत कीटकनाशकाच्या केसेस येतात, आणि ॲट्रोपिन पुरेसं झालं हे बाहुलीवरून नाही तर छातीतले स्राव सुकण्यावरून ठरवायचं, ही गोष्ट इंटर्नशिपमध्ये रात्री तीन वाजता आठवायला लागेल. स्नायूंचा अशक्तपणा ॲट्रोपिनने का जात नाही, तेही तिथेच आहे.

पण लेक्चर किंवा पुस्तक न वाचता नुसती कार्डं करू नका. अँकी या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. न समजलेली गोष्टही ते छान पाठ करून देतं. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अँकी आपोआप `leech` असा टॅग लावतं. तसं झालं की ते कार्ड घोकत बसायचं नाही, पुस्तक उघडायचं.

*चुका आणि अपडेट*

एएनएस आणि टीबी मॅडमनी तपासून दिले आहेत. बाकीचे चॅप्टर अजून आमच्याच भरवशावर आहेत, त्यांच्यावर `tapasaycha` असा टॅग आहे. त्यातले डोस पुस्तकाशी ताडून बघा. चूक सापडली तर कार्डाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, स्वतःच्या फोनमध्ये दुरुस्त करून गप्प बसू नका. दर रविवारी रात्री नवी फाइल येईल. ती जुन्यावरच इम्पोर्ट करायची, जुना डेक काढायचा नाही. तुमची प्रगती तशीच राहते, फक्त दुरुस्त्या येतात. इम्पोर्ट करताना `Import any learning progress` असं दिसलं तर ते बंद ठेवा.

ज्युनिअर बॅचच्या दोघांनी आत्ताच फाइल मागितली आहे. सगळं तपासून झाल्यावर देऊ, तोवर पुढे पाठवू नका.

ज्यांचं इन्स्टॉल झालं त्यांनी या मेसेजवर फक्त 👍 द्या, वेगळा मेसेज नको. जे अडकले आहेत त्यांनी कोणत्या स्टेपवर अडकलात तो आकडा लिहा. मंगळवारी साडेआठला एलटीत मी आणि ओमकार मागच्या दाराजवळ बसू. लेक्चर नऊला आहे, तेवढ्यात राहिलेल्यांचं करून देऊ. फोन चार्ज करून आणा आणि फाइल हॉस्टेलच्या वायफायवरच डाउनलोड करून या, एलटीत रेंज नसते.

— सायली (सीआर)