सभागृहातील विजेच्या धक्क्याच्या घटनेबाबत अहवाल (मुख्यतः ऐकीव माहितीवर आधारित)

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य

इंदूर, सोमवार, २५ ऑगस्ट २०२५, दुपारी ३ वाजता

स. न. वि. वि.

काल रविवारी संध्याकाळी आपल्या सभागृहाच्या मागच्या ओसरीत, पाण्याच्या कूलरला हात लागून लेझीम पथकातल्या एका मुलाला विजेचा धक्का बसला. घटना घडली तेव्हा मी देवासला होतो, रात्री दहाच्या सुमारास परतलो. म्हणून खालच्या मजकुरात प्रत्येक गोष्ट कुणाकडून कळली आणि त्या व्यक्तीने ती स्वतः पाहिली की ऐकली, हे तिथेच लिहिले आहे. ‘मी पाहिले’ असे जिथे म्हटलेले नाही, तिथे ते माझे सांगणे समजू नये. मुलगा अल्पवयीन आहे, त्यामुळे त्याचे नाव लिहिलेले नाही. साक्षीदारांचीही नावे न घालता फक्त ओळख दिली आहे.

मी पाहिले ते एवढेच, आज सकाळी आठ वाजता. कूलरचा प्लग काढलेला होता. त्याच्या तीन पिनांपैकी वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, जागेवर नव्हती. ती कधी तुटली ते प्लगकडे पाहून कळत नाही. ओसरीची फरशी ओली होती, पत्र्यातून पाणी ठिबकत होते. कूलरपुढे रबरी चटई नव्हती. मेन बोर्डावर जास्त भार आला की पडणारे एमसीबी आहेत, पण गळती होणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी नाही. मी कशालाही हात लावला नाही, फोटो काढले आणि ओसरीला कुलूप घातले.

धक्का बसताना प्रत्यक्ष पाहणारी एकच व्यक्ती मला सापडली: पथकातली सातवीतली मुलगी, जी बाटली घेऊन त्याच्या मागे रांगेत उभी होती. तिच्या आईसमोर तिच्याशी बोललो. ती म्हणाली, “दादाने एका हाताने नळ दाबला, दुसरा हात कूलरवर टेकला, आणि मग त्याचा हात सुटेचना.” तो अनवाणी होता, असेही तिने सांगितले. एवढे सांगताना ती रडू लागली, म्हणून पुढे काही विचारले नाही आणि इतर कुणी तिला पुन्हा पुन्हा विचारू नये अशी माझी विनंती आहे.

लेझीमचे सर अंगणात होते. किंकाळी ऐकून ते धावले. त्यांच्या सांगण्यानुसार ते पोचले तेव्हा मुलगा खाली पडलेला होता, हात नळापासून सुटलेला होता. म्हणजे धक्का त्यांनी पाहिला नाही, नंतरचे पाहिले. “डोळे मिटलेले होते, हाक मारल्यावर उघडले,” असे ते म्हणतात. मोदकांच्या तयारीला आलेल्या काकूंनी मात्र “पाच मिनिटे शुद्ध नव्हती” असे सांगितले. खोदून विचारल्यावर त्या म्हणाल्या की त्या स्वयंपाकघरातून उशिरा बाहेर आल्या आणि पाच मिनिटांचे त्यांना गर्दीतल्या कुणीतरी सांगितले. या मुद्द्यावर सरांचे सांगणे मला जवळचे वाटते, पण वेळ कुणीच मोजली नव्हती. डॉक्टरांना हा तपशील महत्त्वाचा असतो, म्हणून दोन्ही सांगणी मुलाच्या वडिलांना जशीच्या तशी कळवली आहेत.

सभागृहाचे सेवक सांगतात की त्यांनी आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग प्लग ओढला. मुलाचा हात त्यामुळे सुटला की तो आधीच पडला होता, हे त्यांना सांगता येत नाही. आतले दिवे चालूच होते, हे सेवक आणि सर दोघांनीही वेगवेगळे विचारल्यावर सांगितले. त्यांचे म्हणणे बरोबर असेल तर एमसीबी पडला नाही, आणि त्यात नवल नाही. माणसाच्या अंगातून जाणारा तीस-पन्नास मिलिअँपिअरचा प्रवाहही जिवावर बेतू शकतो, पण एमसीबी पडतो तो कित्येक अँपिअरच्या भाराला. घटनेच्या वेळेबद्दल सर साडेसहा म्हणतात, सेवक पावणेसात.

मुलाची प्रकृती: वडिलांशी आज सव्वाअकराला फोनवर बोललो. ईसीजी काढला, तो ठीक आहे, उजव्या तळहाताला भाजले आहे आणि उद्या सकाळी घरी सोडतील असे डॉक्टरांनी म्हटल्याचे ते म्हणाले. डॉक्टरांशी माझे बोलणे झालेले नाही, कागद पाहिलेले नाहीत. मुलगा आयसीयूत असल्याची बातमी आपल्या व्हॉट्सॲप समूहावर फिरते आहे. वडिलांच्या सांगण्याशी ती जुळत नाही.

आता जे फक्त कानोकानी आले आहे, आणि ज्याच्यावर अजून काहीही ठरवू नये, ते.

शुक्रवारी वाचनालयात येणाऱ्या एका आजोबांना त्याच कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या होत्या, असे सेवक म्हणतात. त्यांना हे कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितले. चहावाल्याला विचारले, तर त्याने दुकानात बसलेल्या कुणाकडून तरी ऐकलेले. आजोबा कोण ते दोघांनाही माहीत नाही. ही माहिती माझ्यापर्यंत तीन तोंडांतून आली आहे, तरी मी ती वगळत नाही. खरी असेल तर आपल्याला दोन दिवस आधी इशारा मिळाला होता आणि कूलर चालूच राहिला. शुक्रवारच्या नोंदवहीत सह्या असलेल्या प्रत्येक वाचकाला आज-उद्या फोन करून आपणच विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट मंडपवाल्याची. त्याच्या माणसांनी कूलरच्या बोर्डातून वायर ओढली, असा संदेश समूहावर आला. पाठवणाऱ्या सभासदांनी मला सांगितले की ते तिथे नव्हते, “तसे कानावर आले.” मंडपवाला फोनवर म्हणतो, लाइन पुढच्या मीटरखोलीतून घेतली. मी पाहिले तेव्हा मंडपाच्या वायरी मीटरखोलीतच जात होत्या आणि ओसरीत एकही नव्हती, पण ते आज सकाळचे चित्र आहे, कालचे नव्हे. तपासणी होईपर्यंत त्याचे पैसे अडवणे किंवा त्याला जबाबदार धरणे अन्याय ठरेल. त्याचे पोटही याच दिवसांवर चालते.

परवा बुधवारी गणेशस्थापना आहे आणि शेकडो मुले-बाया सभागृहात येतील. म्हणून त्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून कूलर, बोर्ड आणि अर्थिंगची तपासणी लेखी व्हावी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तोवर ओसरी बंद राहील, किल्ली माझ्याकडे आहे. पाण्यासाठी माठ ठेवले आहेत. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार विजेमुळे माणसाला इजा झाल्यास विद्युत निरीक्षकाला सूचना द्यावी लागते. ती आजच जावी. सर आणि सेवक यांनी आपापले म्हणणे स्वतःच्या शब्दांत लिहून सही करून द्यावे. माझा अहवाल त्याच्या जागी वापरू नये.

समूहावर आपल्या सहीने पुढील मजकूर टाकावा, ही विनंती: “रविवारी संध्याकाळी आपल्या एका मुलाला सभागृहात विजेचा धक्का बसला. तो रुग्णालयात आहे आणि बरा होत असल्याचे त्याच्या वडिलांनी सांगितले आहे. कारण अजून तपासलेले नाही. ज्यांनी स्वतः काही पाहिले असेल त्यांनी सहचिटणिसांना फोन करावा. ऐकलेले पुढे पाठवू नये.”

आपला,
सहचिटणीस

सोबत: आज सकाळचे फोटो. शुक्रवारच्या नोंदवहीच्या पानाची प्रत.