खरेदी आदेश ४४१७: पंप केसिंगच्या १८ पेट्या उचलण्यास तयार, गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५ रोजी गाडी, कागदपत्रे आणि माल भरण्याची व्यवस्था

प्रति: डिस्पॅच विभाग
प्रत: आपला गुणवत्ता विभाग, आमचा वाहतूकदार

सप्रेम नमस्कार,

शुक्रवार, १० ऑक्टोबरला आमच्या निरीक्षकांनी आपल्या कारखान्यात अंतिम तपासणी केली. सर्व १८ पेट्या मंजूर झाल्या असून त्यांना सील लावली आहेत. आमच्या बाजूने माल उचलण्यास तयार आहे, हे या पत्राने कळवत आहोत. गाडी गुरुवारी सकाळी ९.३० वाजता आपल्या गेटवर येईल. त्याआधी दोन दुरुस्त्या आणि कागदांचे काम पुरे व्हायला हवे.

दुरुस्त्या अशा. पेटी क्र. १६ च्या लेबलवर निव्वळ आणि एकूण अशी दोन्ही वजने १,०६० किलो छापली आहेत. एकूण वजन १,१५० किलो आहे. फोर्कलिफ्टवाला लेबल वाचूनच पेटी उचलतो, म्हणून जुन्या लेबलवर कागद न चिकटवता नवे लेबल लावावे. पेटी क्र. ५ मध्ये गंजरोधक पिशवीचा एक कोपरा फाटला होता. तपासणीच्या वेळी त्यावर टेप लावली, पण टेप दमट हवेत सुटते. पिशवी बदलून फोटो पाठवा. त्यासाठी सील तोडावे लागेल. नवीन सीलचा क्रमांक त्याच दिवशी कळवा, नाहीतर गुरुवारी यादी जुळणार नाही.

माल असा आहे:

पेटी १ ते १२: प्रत्येकी ९ नग, एकूण वजन ६४० किलो, माप १२०० × १००० × ९०० मिमी.
पेटी १३ ते १८: प्रत्येकी ४ नग, एकूण वजन १,१५० किलो, माप १५०० × १२०० × ११०० मिमी.
एकूण १३२ नग, निव्वळ १३,३८० किलो, पेट्यांसह १४,५८० किलो.

गाडी आणि चालक

गाडी उघड्या हौद्याची आहे. हौदा ९.७५ मीटर लांब आणि आतून २.४४ मीटर रुंद, दोन्ही बाजूंचे फाळके उघडतात. गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक ६०८३. नोंदणीपत्र, विमा आणि चालकाच्या परवान्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. चालक आमचे सही-शिक्क्याचे उचल पत्र आणेल. त्याचा क्रमांक ४४१७-०१.

इथे आमचा आग्रह आहे. गाडी किंवा चालक बदलला तर तो बदल आमच्या याच ईमेल पत्त्यावरून येईल आणि आपण खरेदी आदेशावरच्या फोन क्रमांकावर आमच्याकडून खात्री करून घ्याल. चालकाने दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री होत नाही. खोटे उचल पत्र दाखवून माल नेण्याचे प्रकार नेमके अशाच वेळी घडतात, गेटवर घाई असते आणि गाडीचा क्रमांक "आत्ताच बदललाय" असे कोणीतरी सांगते. जुळत नसेल तर गाडी गेटबाहेर थांबवा. हॉल्टिंग आम्ही भरू.

कागदपत्रे

बुधवारी दुपारी १२ पर्यंत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि डिलिव्हरी चलनाचे मसुदे पाठवा. ते पाहून त्याच दिवशी ४ पर्यंत आम्ही होकार देऊ. तिन्हींमध्ये खरेदी आदेश क्रमांक, नगसंख्या आणि वजने सारखी हवीत. इनव्हॉइसवर "एक्स-वर्क्स, इन्कोटर्म्स २०२०" लिहून त्यापुढे आपल्या कारखान्याचे ठिकाण टाका. ठिकाणाशिवाय ही अट अपुरी राहते. गाडीचा क्रमांक ज्या ज्या कागदावर लागतो, तिथे तो नोंदणीपत्रावरून उतरवा, फोनवर ऐकून नाही. एका अंकाच्या चुकीने गाडी रस्त्यात अडकते.

चालकाकडे द्यायचा संच: इनव्हॉइसच्या तीन प्रती, पॅकिंग लिस्ट, चलन, साहित्य चाचणी प्रमाणपत्रे, गेटपास आणि दोन काटापावत्या. बिल्टी वाहतूकदार देईल.

माल भरणे

एक्स-वर्क्समध्ये गाडीत माल भरणे विक्रेत्याकडे नसते. आपण आपली फोर्कलिफ्ट आणि चालक देण्याचे मान्य केले आहे, पण त्या कामाचा खर्च आणि जोखीम आमची आहे. म्हणून आमचा वाहतूक विमा पेटी जमिनीवरून उचलली जाण्याच्या क्षणापासून लागू केला आहे. आमचे निरीक्षक ९ वाजता हजर असतील. ते येईपर्यंत एकही पेटी उचलू नये.

पेट्या आदल्या संध्याकाळी भराईच्या जागेजवळ क्रमाने, छताखाली, सील दिसतील अशा मांडा. फोर्कलिफ्ट ३ टनांची हवी. मोठ्या पेट्या रुंदीत दोन ठेवल्यावर २.४० मीटर होतात, म्हणजे हौद्यात फक्त ४ सेंमी उरतात. एकाच बाजूने भरले तर दूरची पेटी ढकलावी लागते आणि तिची खालची फळी फुटते. त्यामुळे गाडी दोन्ही बाजूंनी मोकळी उभी करा, चाकांखाली ठोकळे लावा, किल्ली निरीक्षकांकडे द्या.

क्रम असा ठेवू: हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून एक मीटर सोडून तिथे आडव्या ओंडक्यांची चौकट. मग मोठ्या पेट्यांची एक ओळ, त्यामागे लहान पेट्यांच्या तीन ओळी (एकावर एक, दोन थर), शेवटी मोठ्यांच्या दोन ओळी. एकूण लांबी साडेसात मीटर. दोन थर फक्त लहान पेट्यांचेच. मोठ्यांवर काहीही ठेवू नये, त्यांची झाकणे वजनासाठी बांधलेली नाहीत. पेट्या पुढच्या भिंतीलाच चिकटवल्या तर पुढच्या एक्सलवर भार जातो, म्हणून ही मोकळी जागा. पण चौकट भक्कम नसेल तर ब्रेक लागताच सगळे पुढे सरकेल. चौकटीचे लाकूड आणि खिळे आपण आणून ठेवाल, असे फोनवर ठरले आहे.

प्रत्येक पेटीखाली ८ मिमी रबरी पट्टी. प्रत्येक ओळीवर दोन बेल्ट, म्हणजे १२. चालक १४ आणेल. बेल्ट कडेवरून जातो तिथे कोपऱ्याचे संरक्षक लावा, नाहीतर लाकडाच्या धारेने तो कापला जातो. पहिल्या २० ते ३० किलोमीटरनंतर चालक थांबून बेल्ट पुन्हा ताणेल.

वजन आणि ताबा

रिकामी आणि भरलेली गाडी एकाच वजनकाट्यावर, दोन्ही वेळा चालक खाली उतरून तोलावी. भराई झाल्यावर डिझेल भरून मग काट्यावर जाऊ नये. अंतर १४,५८० किलो अधिक ओंडके, पट्ट्या यांच्या आसपास यावे. मोठ्या केसिंगचे वजन २६५ किलो आहे, ते कमी असेल तर काट्यावर दिसेल. लहान केसिंग ६५ किलोचे आहे, एखादे कमी असेल तर ओंडक्यांच्या वजनात हरवू शकते. म्हणून लहान पेट्यांसाठी सील क्रमांकांची यादी हाच खरा हिशोब, काटा नव्हे.

पेटी चढताना निरीक्षक क्रमांक आणि सील टिपतील. आपल्या माणसाने समोरच टिकमार्क करावा. प्रत्येक थर पूर्ण झाल्यावर एक फोटो, बेल्ट लागल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो, शेवटी ताडपत्रीनंतर एक. ताबा पावतीवर आम्ही सही करू ती बेल्ट लागून दुसरे वजन झाल्यावर. पेटी फुटली, सील तुटले किंवा डाग दिसला तर तो शेरा पावतीवर आणि बिल्टीवर दोन्हीकडे लिहा. फक्त एकीकडे असेल तर विमा दावा अडतो.

पेट्या बुधवारी संध्याकाळपर्यंत मांडता येणार नसतील तर बुधवारी १२ च्या आत कळवा, तोपर्यंत गाडी विनाशुल्क पुढे ढकलता येते. त्यानंतर कळल्यास रिकाम्या फेरीचा खर्च करारानुसार आपल्याकडे लागेल. फोर्कलिफ्ट आणि दोन्ही दुरुस्त्यांबद्दल आजच उत्तर दिलेत तर गाडी निश्चित करतो.

आपले,
खरेदी व वाहतूक विभाग
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

सोबत: तपासणी अहवाल, सील क्रमांक यादी, भराईचा आराखडा, गाडी व चालकाच्या कागदांच्या प्रती, उचल पत्र ४४१७-०१ ची प्रत