कॉम्प्रेसर रूममधील अमोनिया गळती, 12 जून 2025: आठ जबाबांचा एकत्रित घटनाक्रम

प्रति: चौकशी समिती
तयार करणार: सुरक्षा अधिकारी, दूध शीतकरण व पॅकिंग प्लांट
तारीख: 17 जून 2025

गुरुवारी पहिल्या पाळीत लो प्रेशर रिसीव्हरच्या ऑइल पॉटमधून तेल काढताना अमोनिया बाहेर आला. कंत्राटी हेल्परच्या दोन्ही डोळ्यांना आणि उजव्या हाताला इजा झाली. तो अजून रुग्णालयात आहे. 48 तासांपेक्षा जास्त गैरहजेरी होणार हे पहिल्याच दिवशी दिसत असल्याने कारखाने अधिनियम 1948, कलम 88 प्रमाणे सूचना गेलेली आहे. या कागदाचा उद्देश एवढाच की आठ जणांनी जे सांगितले ते एका ओळीत लावावे आणि कुठे जुळत नाही ते लपवू नये. दोष कोणाचा, हे यात ठरवलेले नाही.

जबाब ऑपरेटर, हेल्पर, फिटर, शिफ्ट सुपरवायझर, गेटवरील सुरक्षारक्षक, लॅब केमिस्ट आणि पॅकिंगमधील दोन कामगार (पुढे पॅकिंग-1 व पॅकिंग-2) यांचे आहेत. सर्वांची संमती घेऊन रेकॉर्डिंग केले आहे. कंसातील आकडे रेकॉर्डिंगमधील मिनिट-सेकंदाचे आहेत, शंका आली तर थेट तिथे ऐकावे. हेल्परचा जबाब शनिवारी डॉक्टरांच्या परवानगीने रुग्णालयात घेतला. डोळ्यांवर पट्टी होती, नऊ मिनिटांनंतर तो थकला आणि आम्ही थांबलो, त्यामुळे त्याचा जबाब अपुरा धरावा. पॅकिंगच्या दोघांचे जबाब शुक्रवारी दुपारी झाले. तोपर्यंत कँटीनमध्ये या विषयावर भरपूर बोलणे झाले होते, हे दोघांनीही स्वतःहून सांगितले. म्हणून ज्या बाबतीत फक्त या दोघांचेच एकमत आहे तिथे मी दोन साक्षी मोजलेल्या नाहीत.

वेळेबद्दल आधी एक गोष्ट. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचे घड्याळ 6 मिनिटे पुढे आहे. शुक्रवारी इलेक्ट्रिशियनसमोर मोबाइलवरची वेळ कॅमेऱ्यापुढे धरून हे तपासले. खाली कॅमेऱ्याच्या सर्व वेळा 6 मिनिटे वजा करून दिल्या आहेत. मोबाइलच्या कॉल नोंदी जशाच्या तशा आहेत. जबाबात सांगितलेल्या वेळा अंदाजाच्या असल्याने त्यांना "सुमारे" म्हटले आहे.

11:24. ऑपरेटर आणि हेल्पर कॉरिडॉरमधून कॉम्प्रेसर रूममध्ये जातात (कॅमेरा). तेल काढायचे होते, यावर दोघांचे एकमत आहे. या कामाचे परमिट नव्हते, यावरही कोणाचा वाद नाही. मात्र कारण वेगवेगळे सांगितले जाते. सुपरवायझर म्हणतात, "मला विचारलंच नाही, विचारलं असतं तर परमिट दिलं असतं" (03:15). फिटर म्हणतो, "तेल काढायला परमिट लागतं हे मी इथे कधी ऐकलं नाही" (06:40). ऑपरेटर म्हणतो की दर आठवड्याला असेच होते आणि सुपरवायझरना ते माहीत आहे (05:02). परमिटच्या फाइलमध्ये जानेवारीपासून तेल काढण्याचे एकही परमिट नाही. म्हणजे सवयीबद्दल फिटर आणि ऑपरेटर सांगतात त्याला कागदाचा आधार आहे. सुपरवायझरना ती सवय माहीत होती की नव्हती, हे कागदावरून कळत नाही.

11:30 ते 11:31. सगळ्या घटनाक्रमात सर्वांत जास्त महत्त्व या एका मिनिटाला आहे. ऑपरेटर बाहेर निघतो. निघताना त्याने हेल्परला काय सांगितले?

ऑपरेटर: "बादली लावून ठेव, व्हॉल्व्हला हात लावू नको, मी येतो असं सांगून गेलो" (07:20).
हेल्पर: "तेल काढून ठेव, मी येतो म्हणाले. मी आधी दोनदा काढलंय त्यांच्यासमोर, म्हणून केलं" (02:48).
फिटर त्या वेळी पाना घ्यायला दारात आला होता. 11:30 ला तो कॅमेऱ्यात दिसतो. तो म्हणतो, "कॉम्प्रेसर चालू होता. '...ठेव, मी येतो' एवढंच ऐकलं. पुढचं-मागचं काही नाही" (08:05).

फिटरचे शब्द दोन्ही बाजूंना बसतात. ते कोणाच्याही बाजूने वापरता येणार नाहीत, आणि समितीनेही तसे वापरू नयेत अशी माझी विनंती आहे. फिटरला मी दोन वेळा वेगळ्या पद्धतीने विचारले, त्याने एक शब्दही वाढवला नाही. त्याच्या जबाबावर माझा विश्वास त्यामुळे वाढला.

ऑपरेटर कुठे गेला, हाही प्रश्न आहे. तो म्हणतो, केबिनमध्ये लॉगबुक भरायला गेलो. 11:30 चे रीडिंग लॉगबुकात भरलेले आहे. कॅमेऱ्यात तो कॉरिडॉरच्या टोकाच्या दारातून जाताना दिसतो, पण त्या दारातून केबिनकडेही जाता येते आणि कँटीनकडेही. आपण "दोन-तीन मिनिटांत" परतलो असे तो सांगतो (07:55). कॅमेऱ्यात तो 11:40 ला धावत परत येताना दिसतो, म्हणजे 9 मिनिटांनी. घाबरलेल्या माणसाचा वेळेचा अंदाज चुकतो, त्यामुळे एवढ्यावरून तो खोटे बोलतो असे म्हणता येत नाही. पण 9 मिनिटे हीच वेळ धरावी लागेल.

11:31 ते 11:39 (कॅमेरा नाही). आतले फक्त हेल्परच सांगू शकतो. व्हॉल्व्ह थोडा उघडल्यावर आधी काळे तेल आले, मग फेस, "आणि मग एकदम पांढरा फवारा" (03:30). व्हॉल्व्ह बंद करायला गेला तर चाक सापडेना, डोळे उघडता येईनात. भिंत धरत तो बाजूच्या दाराने बाहेर पडला. 11:39 ला यार्डच्या कॅमेऱ्यात तो गुडघ्यांवर बाहेर येताना दिसतो. गळती किती वाजता सुरू झाली हे नक्की सांगता येत नाही. पॅकिंग हॉलमध्ये पहिल्या माणसाने नाकाला रुमाल लावला तो 11:40 ला, त्यावरून 11:37 च्या आसपास असावी असा माझा अंदाज आहे.

इथे व्हॉल्व्हचा प्रश्न येतो. ऑइल पॉटच्या तोंडाशी स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असायला हवा. ऑपरेटर म्हणतो, "तो बसवलेला आहे" (09:10). फिटर म्हणतो, तो मे महिन्यात गळत होता म्हणून काढला आणि साधा चाकाचा व्हॉल्व्ह बसवला, "सांगितल्यावरूनच" (09:30). कोणी सांगितले, यावर तो आधी गप्प राहिला आणि नंतर "आठवत नाही" म्हणाला. सुपरवायझरना बदलाची कल्पना नव्हती (06:12). मेंटेनन्स रजिस्टरमध्ये नोंद नाही. गुरुवारी दुपारी 2:20 ला मी काढलेल्या फोटोत साधा चाकाचा व्हॉल्व्ह स्पष्ट दिसतो. त्यामुळे या मुद्द्यावर ऑपरेटरचे म्हणणे टिकत नाही. जागेवर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असता तर हेल्परने हात काढताच फवारा थांबला असता. म्हणून हा फरक बाकी सगळ्या फरकांपेक्षा मोठा आहे असे मला वाटते.

11:41 ते 11:44. पॅकिंग हॉल रिकामा होतो (कॅमेरा). सायरनबद्दल तीन वेगळी म्हणणी आहेत. सुरक्षारक्षक: वास येताच लगेच दाबला. पॅकिंग-1: बाहेर पडल्यावर वाजला. पॅकिंग-2: वाजलाच नाही. केमिस्टने सायरन ऐकला, पण कधी ते तिला सांगता येत नाही. सायरनची आपोआप नोंद होत नाही आणि कॅमेऱ्यांना आवाज नाही. एवढेच पक्के की लोक आपणहून बाहेर पडायला लागले होते. जमण्याची जागा कॉम्प्रेसर रूमच्या पूर्वेला आहे आणि वारा पश्चिमेचा होता. वास तिथेही आला म्हणून सगळे वजनकाट्याकडे सरकले, यावर पाच जण एकमताने बोलतात.

11:42. सुपरवायझर फिटरला फोन करतात (कॉल नोंद). वाद नाही.

11:46 ते 11:53. 11:46 ला ऑपरेटर कॅनिस्टर मास्क लावून आत जातो, 11:48 ला फिटर हवेच्या सिलिंडरचा सेट घालून. 11:53 ला दोघे बाहेर (कॅमेरा). गळती मी बंद केली असे दोघेही सांगतात. नीट ऐकले तर यात विरोध नाही. ऑपरेटर ऑइल पॉटच्या व्हॉल्व्हबद्दल बोलतो (11:30), फिटर रिसीव्हरकडून येणाऱ्या लाइनच्या व्हॉल्व्हबद्दल (10:44). दोघांनी दोन वेगळे व्हॉल्व्ह बंद केले असावेत. वायूचे प्रमाण इतके असताना कॅनिस्टर मास्क पुरेसा नसतो, तरीही ऑपरेटर आत गेला, ही गोष्ट त्याच्या बाजूने आणि आपल्या प्रशिक्षणाविरुद्ध, दोन्हीकडे नोंदवली पाहिजे. सेटच्या कपाटाची चावी शेजारी टांगलेली होती असे सुपरवायझर म्हणतात. फिटर म्हणतो, चावी नव्हती, काच फोडली. फोटोत काच फुटलेली आहे आणि चावीचा हुक रिकामा आहे. अर्थात हुक आधीपासून रिकामा होता की नंतर झाला, हे फोटो सांगत नाही.

11:45 ते 12:01. डोळे धुणे. डॉक्टरांनी मला हेच पहिल्यांदा विचारले होते. किमान 15 मिनिटे पाणी मारायला हवे. सुरक्षारक्षक म्हणतो, "पाचेक मिनिटं" (04:20). केमिस्ट म्हणते, 15-20 मिनिटे, दोन जार संपले (03:50). आय वॉशच्या नळाला आधी गंजाचे पाणी आले म्हणून तिने लॅबमधून पिण्याच्या पाण्याचे जार आणले. यार्डच्या कॅमेऱ्यात ती 11:45 ला जार घेऊन येते आणि 12:01 ला हेल्परला उचलतात. मधला भाग टँकरच्या आड आहे. सुरक्षारक्षक 11:49 ला 108 ला फोन करायला गेटवर गेला होता (कॉल नोंद), म्हणजे त्याने धुण्याचा बराचसा भाग पाहिलेला नाही. दोन रिकामे जार लॅबच्या दाराशी मिळाले. केमिस्टचे म्हणणे मी जास्त विश्वासार्ह धरतो आणि रुग्णालयाला तसे कळवले आहे.

12:07. प्लांटची जीप हेल्परला घेऊन गेटबाहेर पडते (कॅमेरा). गेट रजिस्टरमध्ये 12:10 लिहिले आहे, हा फरक किरकोळ आहे.

पुढे विचारायचे राहिले ते असे. हेल्परला पुन्हा भेटून, त्याची प्रकृती परवानगी देईल तेव्हा, आधीच्या "दोनदा" तेल कधी आणि कोणासमोर काढले हे विचारणे. कँटीनवाल्याला गुरुवारी साडेअकराच्या सुमारास कोण आले होते हे विचारणे, कारण त्याचा जबाब घेतलेलाच नाही. मे महिन्यातील स्टोअरच्या चिठ्ठ्यांवरून साधा व्हॉल्व्ह कोणाच्या सहीने बाहेर गेला ते पाहणे. ऑपरेटर आणि हेल्पर यांना मात्र या टप्प्यावर समोरासमोर बसवू नये. एक कायम नोकरीत आहे, दुसरा कंत्राटी आहे आणि अजून पलंगावर आहे. समोरासमोर बसवले तर तो बोलणारच नाही.

सर्व रेकॉर्डिंग, फोटो आणि कॅमेऱ्याचे तुकडे समितीच्या पेन ड्राइव्हवर आहेत. मूळ प्रती माझ्या कपाटात कुलूपबंद आहेत.